ऑडिओ डिव्हाइस न सापडणे आणि सॅम्पल रेटमधील तफावत

संगणकावरील गेम सुरू होताना ध्वनीसाठी वापरता येईल असे साधन न मिळाल्यास, किंवा मिळालेले साधन मागितलेल्या स्वरूपात उघडता न आल्यास येणारा दोष. पडद्यावर बहुधा ‘No audio device found’ किंवा तशाच अर्थाचा संदेश दिसतो आणि गेम पहिल्या चित्राआधीच बंद होतो. एकाच संदेशामागे दोन वेगळी कारणे असू शकतात : साधनच नसणे, अथवा साधन असूनही सॅम्पल रेट न जुळणे. दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने आधी ती ओळखावी लागतात. येथे मुख्यतः विंडोज प्रणालीचा विचार केला आहे.

ध्वनीचा मार्ग. विंडोज व्हिस्टापासून (2007) ध्वनीची व्यवस्था ‘वासापी’ (WASAPI) या स्तरावर चालते. सर्व प्रोग्रॅमचे आवाज विंडोजचे ऑडिओ इंजिन एकत्र मिसळते आणि तो मिश्रित प्रवाह साधनाकडे पाठवते. या सामायिक पद्धतीत साधनासाठी एकच सॅम्पल रेट ठरलेला असतो, उदा., सेकंदाला 48,000 नमुने. सुरू होताना गेम आधी डिफॉल्ट साधन कोणते ते विचारतो आणि मग ते विशिष्ट स्वरूपात उघडण्याची विनंती करतो. यांपैकी कोणतीही पायरी फसली, तरी अनेक गेम एकच संदेश दाखवतात.

साधन नसणे. मदरबोर्डवर साउंड चिप असली म्हणजे साधन आहे, असे विंडोज मानत नाही. डेस्कटॉपच्या ऑडिओ जॅकमध्ये प्लग घातला आहे की नाही हे चिपला कळते. प्लग काढला की ते साधन ‘Not plugged in’ अवस्थेत जाते आणि वापरता येणाऱ्या साधनांच्या यादीतून वगळले जाते. लॅपटॉपमध्ये स्पीकर अंगचेच असल्याने ही अडचण क्वचित येते. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरील ध्वनी मॉनिटरवर अवलंबून असतो. आपल्याला ध्वनी घेता येतो असे मॉनिटरने कळवले नाही, तर ते साधन यादीत येत नाही, आणि काही मॉनिटर बंद केल्यावर ते यादीतून नाहीसे होते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. डेस्कटॉपला स्पीकर नसलेला मॉनिटर जोडला आहे आणि वापरणारा इअरफोन लावून खेळतो. एके दिवशी इअरफोन काढून ठेवल्यावर गेम उघडत नाही. तो पुन्हा इन्स्टॉल केला, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, तरी फरक पडत नाही. खरा प्रकार असा असतो, की यादीत एकही चालू साधन उरलेले नाही. डिफॉल्ट साधन मागितल्यावर विंडोज `0x80070490`, म्हणजे ‘घटक सापडला नाही’, हा कोड परत करते. इअरफोनचा प्लग पुन्हा घातला की गेम सुरू होतो. कायमचा उपाय हवा असल्यास आभासी ऑडिओ साधनाचा ड्रायव्हर बसवता येतो. प्रत्यक्ष आवाज नसला तरी यादी रिकामी राहत नाही. विंडोज सर्व्हरवर ‘Windows Audio’ ही सेवा मुळात बंद असते, त्यामुळे तिथे ती सुरू करणे ही पहिली पायरी ठरते.

सॅम्पल रेटमधील तफावत. ऑडिओ सीडीचा दर 44,100, तर व्हिडिओच्या परंपरेतून आलेला दर 48,000 आहे. हे दोन्ही आजही सर्रास वापरात आहेत. साध्या सामायिक पद्धतीत वासापी दर आपोआप बदलून देत नाही. ते रूपांतर गेमच्या ऑडिओ लायब्ररीने करायचे असते किंवा विंडोजकडून स्पष्टपणे मागायचे असते. यांपैकी काहीच न करता गेमने 44,100 मागितले आणि साधन 48,000 वर असले, तर `0x88890008` हा ‘स्वरूप चालत नाही’ असे सांगणारा कोड मिळतो. गेमने तो नीट वाचला नाही, तर साधन समोर असूनही ‘सापडले नाही’ असा संदेश येतो. साधनाचा दर 192,000 वर नेऊन ठेवल्यावर काही जुने गेम याच कारणाने अडतात, कारण इतका मोठा दर येईल हे त्यांच्या रचनेत गृहीतच धरलेले नसते.

तफावत असूनही प्रवाह उघडला आणि रूपांतर झालेच नाही, तर दोष कानाला कळतो. 44,100 दराने केलेले ध्वनिमुद्रण 48,000 ने वाजवल्यास वेग सुमारे 8.8 टक्क्यांनी वाढतो. दहा मिनिटांचे संगीत सुमारे 9 मिनिटे 11 सेकंदांत संपते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतो. पात्रांचे संवाद ओठांच्या पुढे धावू लागतात.

ब्लूटूथ हेडसेटमध्ये ही अडचण वेगळ्या वाटेने येते. संगीतासाठी तो 44,100 किंवा 48,000 वर चालतो. पण गेमने मायक्रोफोन उघडला की हेडसेट बोलण्याच्या पद्धतीत जातो आणि दर बहुधा 16,000 किंवा 8,000 वर उतरतो. आवाज एकाएकी फोनसारखा झाला, तर गेमच्या सेटिंगमध्ये दुसरा मायक्रोफोन निवडावा.

निदान. प्रथम ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावून पाहावा. तिथेही आवाज नसेल, तर साधनच नाही असे समजून पुढे जावे. तिथे आवाज येत असेल, तर संशय स्वरूपावर किंवा डिफॉल्ट निवडीवर घ्यावा. त्यानंतर Win+R दाबून पुढील आज्ञा द्यावी :

```
mmsys.cpl
```

‘Playback’ यादीत राइट क्लिक करून बंद आणि न जोडलेली साधने दाखवण्याचे दोन्ही पर्याय निवडावेत. हवे ते साधन चालू करून डिफॉल्ट करावे. मग त्याच्या ‘Properties’मधील ‘Advanced’ टॅबवर दर 48,000 ठेवावा आणि तरीही गेम अडल्यास 44,100 करून पाहावा. हा बदल गेम बंद असतानाच करावा, कारण दर बदलताच चालू प्रवाह `0x88890004` या कोडने बाद होतो आणि तो नव्याने उघडण्याची सोय नसलेला गेम कोसळू शकतो.

गेम बनवणाऱ्यांची जबाबदारी. साधन नसेल तर मूक आउटपुटवर जाणे हा योग्य मार्ग आहे. एफमॉड या लायब्ररीत त्यासाठी `FMOD_OUTPUTTYPE_NOSOUND` हा पर्याय आहे. एसडीएल वापरणारा गेम लिनक्सवर असा तपासता येतो :

```
SDL_AUDIODRIVER=dummy ./game
```

मूक आउटपुटनेही नमुने खऱ्या घड्याळाच्या गतीनेच संपवले पाहिजेत. अनेक गेममध्ये संवाद संपल्याचा संकेत ध्वनिप्रणालीकडून येतो आणि त्यानंतरच पुढचे दृश्य सुरू होते. नमुने पुढे सरकलेच नाहीत, तर गेम सुरू होतो, पण पहिल्याच संवादावर कायमचा थांबतो. ऐकू न येणारे अनेक जण आवाजाविना खेळतात. त्यांच्या संगणकाला स्पीकर असलाच पाहिजे, अशी अट घालणे अन्यायाचे आहे. साधन नसताना गेम मूक चालवावा, आणि संदेश दाखवायचाच असेल तर त्यात विंडोजने दिलेला कोड जसाच्या तसा छापावा.