कृत्रिम रात्रप्रकाश आणि निशाचर कीटक

मानवनिर्मित दिव्यांमुळे रात्रीच्या नैसर्गिक अंधारात पडणाऱ्या उजेडाला कृत्रिम रात्रप्रकाश म्हणतात. रस्त्यावरील पथदिवे, जाहिरातफलक, इमारतींवरील रोषणाई आणि वाहनांचे दिवे हे त्याचे मुख्य स्रोत होत. पतंग, भुंगेरे, काजवे, वाळवीची पंखधारी पाखरे यांसारखे निशाचर कीटक आणि त्यांच्यावर जगणारी वटवाघळे, पाली, कोळी, भेक, पिंगळे यांच्यावर या प्रकाशाचे होणारे परिणाम हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. महाराष्ट्रातील उदाहरणांसाठी नाशिकमधील गंगापूर रोड व त्याच्या पश्चिमेचा सह्याद्रीचा भाग येथे घेतला आहे.

## अंधाराचे प्रमाण

पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. निरभ्र, चंद्रहीन रात्री केवळ ताऱ्यांचा प्रकाश सुमारे एक सहस्रांश लक्स असतो. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश साधारणतः ०.१ ते ०.३ लक्स भरतो, तर शहरातील पथदिव्याखालच्या रस्त्यावर १० लक्स किंवा त्याहून अधिक प्रकाश असतो. म्हणजे दिव्याखालची रात्र पौर्णिमेच्या रात्रीहूनही अनेक पटींनी उजळ असते. निशाचर कीटकांचे डोळे, त्यांच्या उड्डाणाच्या वेळा आणि जोडीदार शोधण्याच्या रीती ताऱ्यांच्या आणि चंद्राच्या प्रकाशाच्या मर्यादेत घडलेल्या आहेत.

प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा असतो. बहुतेक कीटकांना अतिनील, निळा व हिरवा प्रकाश चांगला दिसतो. नारिंगी व लाल प्रकाशाची जाणीव त्यांना क्षीण असते. म्हणून जुन्या पाऱ्याच्या दिव्यांवर पतंगांची गर्दी होत असे आणि पिवळ्या सोडियम दिव्यांवर ती कमी दिसे. पांढऱ्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात, मात्र निळ्या प्रकाशाचा ठळक अंश असतो. न्यूझीलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या एलईडीवर सोडियम दिव्यापेक्षा ४८ टक्के अधिक उडणारे कीटक सापडले. एलईडीने वीज वाचते हे खरे. ती वाचली म्हणून दिव्यांची संख्या आणि प्रखरता वाढवली, तर कीटकांच्या दृष्टीने हिशेब उलटा होतो.

## कीटक दिव्याभोवती का फिरतात

दिव्यावर झेपावणारा पतंग ही मराठी काव्यातील जुनी प्रतिमा प्रेमाची आणि आत्मसमर्पणाची आहे. प्रत्यक्षात पतंगाला दिव्याची ओढ असतेच असे नाही. कीटक चंद्राचा कोन राखून सरळ उडतात व दिव्याला चंद्र समजून चकतात, असे स्पष्टीकरण अनेक वर्षे दिले जात होते. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांची उड्डाणे टिपण्यात आली. त्यांतून निराळेच चित्र पुढे आले.

उडणाऱ्या कीटकाला वर कोणते आणि खाली कोणते हे गुरुत्वाकर्षणावरून सहज कळत नाही. रात्री आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असते. कीटक आपली पाठ त्या उजळ बाजूकडे ठेवतो आणि त्यायोगे तोल सांभाळतो. लाखो वर्षे ही युक्ती बिनचूक ठरली. पण जवळच दिवा असला की सर्वांत उजळ बाजू आकाशाची न राहता दिव्याची होते. दिव्याच्या बाजूने जाणारा कीटक पाठ त्याच्याकडे वळवतो, त्यामुळे त्याची दिशा सतत वाकत राहते आणि तो दिव्याभोवती घिरट्या घालू लागतो. दिव्याच्या वर आलेला कीटक पाठ खाली करतो, म्हणजेच उलटा होतो, आणि आदळून पडतो. दिव्याखालून जाणारा कीटक पाठ वर ठेवण्याच्या प्रयत्नात उभा चढतो व त्याचा वेग संपतो. तो दिव्याकडे ओढला जात नाही, तेथे अडकतो.

या नियमाला अपवाद आढळले. कण्हेरीच्या पानांवर ज्याची अळी वाढते तो मोठा हिरवट पतंग प्रयोगात दिव्यावरून सरळ उडून गेला. भारतात तो सर्वत्र आढळतो. सर्व कीटकांना एकच नियम लावता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

घिरट्यांमध्ये अडकलेला कीटक थकतो, होरपळतो, वाहनाखाली सापडतो किंवा खाल्ला जातो. जो वाचतो त्याचाही अन्न शोधण्याचा, मीलनाचा आणि अंडी घालण्याचा वेळ गेलेला असतो. पतंगांच्या अनेक जातींचे प्रौढ आयुष्य काही दिवसांचेच असल्याने एक रात्र वाया जाणे ही त्यांच्यासाठी लहान हानी नाही.

## भक्षकांवरील परिणाम

दिव्याखाली अन्न आयते गोळा होत असल्याने भक्षकांचा लाभच होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

लाभ होणारे भक्षक नजरेसमोर असतात. भिंतीवरील पाल दिव्याच्या कडेला दबा धरते, कोळी खांबाच्या पट्टीवर जाळे विणतो, पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे दिव्याखाली पडू लागली की भेक तेथे येऊन बसतात, आणि पिंगळा तारेवरून झेप घेऊन भुंगेरे उचलतो. मोकळ्या जागेत वेगाने उडणारी लहान वटवाघळे दिव्याभोवती फेऱ्या मारून शिकार करतात. ग्रामीण भागात या लहान वटवाघळांना पाकोळी म्हणतात. मराठीत हेच नाव एका पक्ष्यालाही असल्याने निरीक्षणांच्या जुन्या नोंदी वाचताना सावध राहावे लागते.

वटवाघूळ आणि पतंग यांच्यातील जुना तोल येथे बिघडतो. वटवाघूळ माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेचा आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा माग काढते. अनेक पतंगांना हा आवाज ऐकू येणारे साधे कान असतात. दूरचा आवाज आला तर पतंग दिशा बदलतो. आवाज अगदी जवळ आला तर पंख मिटून खाली सूर मारतो. ब्रिटनमधील २०१५ च्या एका प्रयोगात वटवाघळासारखा आवाज ऐकवला असता अंधारातील ६० टक्के पतंगांनी असा सूर मारला, परंतु एलईडी प्रकाशात हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. दिव्याजवळ पतंग सहज सापडतात, कारण तेथे ते संख्येने अधिक असतात आणि त्यांचा बचावही दुबळा पडतो.

दुसऱ्या बाजूला उजेड टाळणारे भक्षक आहेत. घोड्याच्या नालेच्या आकाराचे नाक असलेली वटवाघळे हळू उडतात, झाडांच्या आणि कुंपणांच्या कडेने जातात व उजेडात स्वतः शिकार होण्याचा धोका टाळतात. इंग्लंडमध्ये त्यांच्या नेहमीच्या मार्गावर प्रायोगिक पथदिवे लावले असता तेथील त्यांची ये-जा मोठ्या प्रमाणात घटली (२००९). सह्याद्रीतील गुहा व लेण्यांतही या गटातील जाती राहतात. आसपासच्या अंधाऱ्या भागातील कीटक दिव्यांकडे खेचले गेले, तर अशा वटवाघळांना मार्गही कमी मिळतो आणि अन्नही.

## गंगापूर रोड परिसर

गंगापूर रोड हा नाशिकच्या अशोक स्तंभाकडून निघून आनंदवल्ली व सोमेश्वरमार्गे गंगापूर गावाकडे जाणारा रस्ता आहे. त्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते आणि पश्चिमेस गंगापूर धरणाचा जलाशय आहे. शहराकडच्या टोकाला सलग प्रकाश, तर धरणाकडे शेते, द्राक्षबागा व पाणी अशी रचना असल्याने एकाच रस्त्यावर उजेडाची चढण पाहता येते. अनेक जलकीटकांची बाल्यावस्था पाण्यात जाते आणि ते प्रौढ होऊन रात्री बाहेर पडतात. त्यामुळे नदीकाठचा दिवा तितक्याच प्रखर इतर दिव्यापेक्षा अधिक कीटक गोळा करतो. पुलांवरील दिव्यांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लागू होतो.

अशा रस्त्यावर निरीक्षण करावयाचे तर दिव्यावरील कीटक मोजणे पुरेसे नाही. त्यातून किती कीटक आले ते कळते, परिसरात किती उरले ते कळत नाही. वर्षानुवर्षे दिव्यावरची गर्दी घटली, तर कीटक कमी झाले असतील किंवा दिव्याला न भुलणारेच उरले असतील. युरोपातील एका पतंगाबाबत असे आढळले आहे: शहरी भागातील त्याचे वंशज दिव्याकडे ग्रामीण पतंगांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी जातात (२०१६). चंद्रप्रकाशातही दिव्यावरील संख्या घटते, म्हणून वेगवेगळ्या रात्रींची तुलना करताना तिथी सारखी असावी लागते. अमावास्येची नोंद पौर्णिमेशी ताडून निष्कर्ष काढणे चूक ठरते.

अधिक विश्वसनीय मार्ग म्हणजे दूर न जाऊ शकणाऱ्या अळ्या मोजणे. दक्षिण इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्याकडेच्या झुडुपांतील पतंगांच्या अळ्या दिव्यांखाली अंधाऱ्या भागापेक्षा ४७ टक्के कमी आढळल्या, गवतात ३३ टक्के कमी. जोडीने निवडलेले उजळ व अंधारे तुकडे, सारखीच झाडी आणि सारखाच ऋतू ही त्याची पद्धत नदीकाठच्या बाभळी-करंजांवरही वापरता येण्याजोगी आहे.

शेतकऱ्यांना हीच घटना दुसऱ्या नावाने परिचित आहे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. त्यांना पकडण्यासाठी प्रकाश सापळा लावतात. सापळा रात्रीच्या पहिल्या प्रहरात काही तासच चालू ठेवून बंद केला जातो. पथदिवा मात्र रात्रभर, बाराही महिने आणि उपद्रवी-निरुपद्रवी असा भेद न करता काम करतो.

## भंडारदऱ्याचे काजवे

नाशिकहून सुमारे ७० किलोमीटरवर, अकोले तालुक्यातील कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे लुकलुकतात. घाटघर, उडदावणे, मुरशेत ही गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. काजव्याची अळी जमिनीत व पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन अनेक महिने वाढते. प्रौढ मात्र काही आठवडेच जगतो, आणि त्या काळातील त्याचे सारे काम प्रकाशाच्या खुणांवर चालते. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते. भोवती उजेड असला तर मादीचे क्षीण उत्तर नराला दिसत नाही, आणि काही जातींत नर लुकलुकणेच थांबवतो. येथे काजवा दिव्याकडे जात नाही; तरीही पुढची पिढी घटते. दिव्याखालची मोजणी अपुरी का, हे काजव्यावरून विशेष स्पष्ट होते.

काजवे पाहण्यासाठी येणाऱ्या वाहनांचे प्रखर दिवे, विजेऱ्या व मोबाईलचे फ्लॅश हाच येथील मुख्य कृत्रिम प्रकाश आहे. झाडाखाली उतरणाऱ्या गर्दीच्या पायांखाली माद्या व पालापाचोळाही तुडवला जातो. म्हणून वाहने झाडांपासून दूर उभी करणे, विजेरीवर लाल कागद लावणे आणि फ्लॅश न वापरणे या सूचना दिल्या जातात.

## उपाय

दिवा काढून टाकणे हा सर्वांत परिणामकारक उपाय असला, तरी वाहत्या रस्त्यावर तो शक्य नसतो. दिव्याला वरून झाकण देऊन प्रकाश केवळ खाली पाडणे, खांबाची उंची कमी ठेवणे, मध्यरात्रीनंतर प्रखरता कमी करणे आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर एलईडी वापरणे हे व्यवहार्य मार्ग आहेत. यांपैकी रंगबदलावर फार विसंबू नये. पिवळसर दिव्यावर कीटक कमी येतात, पण काजव्याच्या स्वतःच्या प्रकाशाचा रंगही पिवळा-हिरवा असल्याने त्याच्या खुणा त्या दिव्यातही झाकल्या जातात. काजव्यांच्या भागात अंधाराला पर्याय नाही.

महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांमधील शंभराहून अधिक पथदिवे बदलून प्रकाश जमिनीकडे वळवणारे दिवे बसवण्यात आले.