खुब्याच्या मानेचा तरुण वयातला मोड : प्रस्तावना

विश्रामबाग हे सांगली-मिरज रस्त्यावरचं ठिकाण. मिरजेला 1894 साली वानलेस यांनी रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हा सारा पट्टा दवाखान्यांचा म्हणूनच ओळखला जातो. गळीत हंगामात रात्री याच भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या धावतात, आणि त्यांवर आदळलेले तरुण खुब्याची मान मोडून इथे येतात. हे टिपण इथल्या नव्या अस्थिरोग निवासी डॉक्टरांसाठी आहे, आणि या रुग्णांना पुढची दोन वर्षं सांभाळणाऱ्या कुटुंबडॉक्टरांसाठीही आहे.

म्हाताऱ्या माणसाची मान मोडली तर आपण बहुधा गोळा बदलतो. तरुणाचा गोळा शक्यतो वाचवायचा असतो, कारण कृत्रिम सांधा त्याला आयुष्यभर पुरत नाही. मग पहिला प्रश्न येतो रक्ताचा. गोळ्याचं बहुतेक रक्त मांडीतल्या मीडियल सर्कमफ्लेक्स धमनीकडून येतं. तिची खोल शाखा मानेच्या मागून वर चढते, सांध्याची पिशवी भेदते आणि मानेच्या मागच्या-वरच्या कडेने हाडाला चिकटून जात गोळ्यात शिरते. वाटीतून लिगामेंटम टेरेसमधून येणारी बारीक धमनी प्रौढांत सहसा पुरी पडत नाही. म्हणजे हाड जिथे तुटतं तिथूनच गोळ्याची जीवनवाहिनी जाते, आणि तुकडा जितका सरकेल तितकी ती ताणली, पिळली किंवा तुटली जाते.

इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या रॉबर्ट गार्डन यांनी 1961 साली मांडलेली श्रेणी हे सरकणंच मोजते. पहिल्या श्रेणीत मोड अपुरा किंवा रुतलेला असतो, दुसरीत पूर्ण पण जागेवर. तिसरीत गोळा कललेला असतो, आणि चौथीत तो मानेपासून पूर्ण सुटतो. इथे नवशिका हमखास फसतो. चौथ्या श्रेणीत सुटलेला गोळा वाटीत पुन्हा सरळ बसतो, त्याच्या हाडाच्या रेषा वाटीच्या रेषांशी जुळतात, आणि फोटो तिसरीपेक्षा बरा वाटतो. तिसरीत मागचा पडदा अजून गोळ्याला धरून असतो, म्हणून तर तो कलतो. दोन डॉक्टरांचं चार श्रेणींवर एकमत कमीच होतं, त्यामुळे व्यवहारात 'सरकलेला की न सरकलेला' एवढाच भेद टिकतो.

पण तरुणांत मोड मोठ्या धक्क्याने होतो आणि रेषा बहुतेकदा उभी जाते. हे मोजायला 1935 ची पाउवेल्सची श्रेणी हवी. आडव्या रेषेशी 50 अंशांपेक्षा जास्त कोन असेल तर चालताना येणारा भार तुकडे एकमेकांवर दाबत नाही, घसरवतो. गार्डन रक्ताचा अंदाज देतो, पाउवेल्स बलाचा. दोन्ही हाताशी असल्याशिवाय स्क्रू निवडू नये.

एक उदाहरण घेऊ, कल्पित पण आपल्याकडे ओळखीचं. बत्तीस वर्षांचा मोटारसायकलस्वार अंधारात ट्रॉलीवर आदळतो. पाय आखूड आणि बाहेर वळलेला आहे. फोटोत गार्डन तीन, रेषेचा कोन 65 अंश. आधी त्याच बाजूचं मांडीचं हाड पाहा. मांडीचा मोड डोळ्यात भरला की मानेचा राहून जातो, हे उलटही तितकंच खरं. शस्त्रक्रिया लवकर करावी, पण तासांच्या हिशेबापेक्षा तुकडे नीट जुळणं जास्त मोलाचं असं माझं मत आहे. सी-आर्मखाली ओढ देऊन आणि पाय आत वळवून जुळवायचं. समोरच्या फोटोत गोळ्याच्या आणि दांड्याच्या रेषांतला कोन 160 अंशांच्या आसपास, बाजूच्या फोटोत 180 च्या जवळ हवा. गोळा खाली झुकलेला राहिला तर स्वीकारू नये. बंद पद्धतीने जमत नसेल तर पुन्हा पुन्हा पिळू नये, राहिलेली धमनीही त्याने जाते. पुढून उघडावं. मागून जाऊ नये, रक्त तिकडूनच येतं.

कोन कमी असता तर उलट्या त्रिकोणातले तीन पोकळ स्क्रू पुरले असते. एक खाली मानेच्या जाड हाडाला लागून, दोन वर, आणि सगळ्यांचे आटे मोडापलीकडे. वरचा-मागचा स्क्रू हाडाबाहेर डोकावू नये, तिथेच वाहिन्या आहेत. प्रवेशाचं छिद्रही लेसर ट्रोकँटरच्या खाली नको, तिथून दांडा मोडतो. पण आपल्या रुग्णाचा कोन 65 आहे, म्हणून मी प्लेटसह सरकता हिप स्क्रू आणि वर गोळा फिरू नये म्हणून एक जादा स्क्रू निवडेन.

इतकं करूनही गोळा मरू शकतो. तरुणांवरच्या अभ्यासांचा 2015 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सुमारे 14 टक्क्यांत तसं झालं आणि सुमारे 9 टक्क्यांत मोड जुळला नाही. हाड जुळल्यावर, अगदी वर्ष-दीड वर्षानेही, गोळा मेल्याचं दिसू शकतं. म्हणून कुटुंबडॉक्टरांना माझी विनंती आहे : असा रुग्ण बरा चालत असताना जांघेत नवं दुखणं सांगू लागला, तर गोळ्या देऊन परत पाठवू नका. समोरून आणि बाजूने नवे फोटो काढा आणि जुन्या फोटोंसह त्याला आमच्याकडे धाडा.