एक ठराव, दोन इतिहास

फेब्रुवारी १९२२. गोरखपूरजवळ चौरीचौऱ्यात पोलिसांनी गोळीबार केला, चिडलेल्या जमावाने ठाणं पेटवलं आणि २२ पोलीस मेले. काही दिवसांतच गांधीजींनी असहकार चळवळ थांबवली. का?

राष्ट्रवादी इतिहासकार सांगतात: अहिंसेसाठी. शिवाय हिंसा वाढली असती, तर सरकारला चळवळ चिरडायला निमित्तच मिळालं असतं.

मार्क्सवादी लेखक रजनी पाम दत्त मात्र काँग्रेसच्या बारडोली ठरावावर बोट ठेवतात. त्यात म्हटलंय की शेतकऱ्यांनी जमीनदारांचा खंड अडवू नये, त्यांच्या कायदेशीर हक्कांना काँग्रेस धक्का लावणार नाही. आता सांगा, जळलेल्या ठाण्याचा आणि खंडाचा काय संबंध? दत्त म्हणतात, खरी भीती होती ती शेतकऱ्यांच्या उठावाची.

मला हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण उत्तर अपुरं. कारण खुद्द बारडोलीत रयतवारी होती. तिथला शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, मध्ये जमीनदार नव्हताच. तरी तिथली ठरलेली साराबंदीही थांबली. म्हणजे खंडाचं कलम वर्गदृष्टीशिवाय कळत नाही आणि बारडोलीची माघार फक्त वर्गदृष्टीने कळत नाही.