‘एनसी’ घेऊन घरी आलात? मग पुढचं पोलीस करणार नाहीत

पोलीस ठाण्यातून परत आल्यावर घरचे विचारतात, “काय झालं?” उत्तर येतं, “केस केली.” कागद बघितला तर वर ‘अदखलपात्र’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे हा गोंधळ फार होतो, म्हणून या एका शब्दाने तक्रारदारासाठी नेमकं काय बदलतं ते आम्ही इथे सांगत आहोत.

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपासच करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ हेच सांगतं. पोलीस तुमची हकीकत वहीत लिहून घेतात, तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला कोर्टाकडे पाठवतात. जबाब, पंचनामा, साक्षीदार यातलं काही होत नाही. म्हणजे “पोलीस काही करत नाहीत” ही तक्रार इथे बऱ्याचदा चुकीची असते. त्यांना तो अधिकारच नसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, मालेगावातला एक यंत्रमाग कामगार. नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडण झालं, धक्काबुक्की झाली, हाताला मार लागला. ठाणे अंमलदारांनी साधी दुखापत आणि शिवीगाळ अशी एनसी नोंदवली. साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये येते. शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष, गुन्हा अदखलपात्र. इथवर पोलिसांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

पण त्या माणसाचं बोट सुजलं होतं. अशा वेळी पोलिसांकडून मेडिकलची यादी, म्हणजे तपासणीचं पत्र, मागून घ्यावं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. एक्स-रेमध्ये बोटाचं हाड मोडलेलं निघालं तर सगळं प्रकरणच बदलतं. हाड किंवा दात मोडणं ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे. कलम ११७(२), ७ वर्षांपर्यंत शिक्षा आणि गुन्हा दखलपात्र. एकाच घटनेत चार गुन्हे अदखलपात्र आणि एक दखलपात्र असेल, तरी पूर्ण प्रकरण दखलपात्र धरलं जातं.

आता काय करायचं? डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा, एनसीचा नंबर लिहायचा, एफआयआर नोंदवा असं स्पष्ट मागायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. तरीही नकार मिळाला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली, प्रतिज्ञापत्रासह, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आधीच्या दोन अर्जांच्या पोचपावत्या इथेच कामाला येतात.

जबाब देताना लोक शिव्यांचा पाढा वाचतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. मारलं कशाने, हाताने की लोखंडी सळईने? घातक हत्याराने झालेली साधी दुखापतही कलम ११८(१) खाली दखलपात्र आहे. मात्र जे झालंच नाही ते वाढवून सांगू नका. खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि दवाखान्याचा कागद खोटं लगेच उघडं पाडतो.

आणि खरोखरच मार साधा असेल तर? मग एनसी हाच योग्य कागद. पुढे जायचं असेल तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे तपासाचा हुकूम मागता येतो, किंवा थेट खासगी तक्रार करता येते. खासगी तक्रारीत साक्षीदार आणायची जबाबदारी तुमची, शपथेवर जबाबही द्यावा लागतो. इथे मुदत सांभाळा. ज्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत शिक्षा आहे, त्याची दखल कोर्ट सहसा घटनेपासून १ वर्षाच्या आतच घेतं. एनसी कपाटात ठेवून दोन वर्षांनी वकिलाकडे गेलात तर तो कागद बहुतेक निव्वळ आठवण म्हणून उरतो.

एक गैरसमज राहिला. दखलपात्र म्हणजे समोरचा आजच आत जाणार, असं नाही. आपल्या उदाहरणातलं कलम ११७(२) दखलपात्र असलं तरी जामीनपात्र आहे, आणि ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस बऱ्याचदा नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. फरक अटकेत कमी आणि तपासात जास्त आहे. जबाब, पंचनामा, दवाखान्याचे कागद हे सगळं आता पोलीस गोळा करतात, आणि कोर्टात बाजू सरकारी वकील मांडतो.