सर्दीच्या गोळीसोबत तापाची गोळी घेताय? आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

नाक वाहतंय, डोकं जड झालंय आणि अंगात थोडी कणकण आहे. मेडिकलवाल्याने सर्दीची गोळी दिली. घरी डब्यात तापाची ६५०ची गोळी होतीच, तीही घेतली. सर्दीसाठी एक आणि तापासाठी एक, असा साधा हिशोब. पण बाजारात सर्दीच्या नावाने मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये तापाचं औषध आधीच घातलेलं असतं. त्याचं नाव पॅरासिटामॉल.

अशा गोळीत बहुतेकदा तीन औषधं एकत्र असतात. शिंका आणि नाक वाहणं कमी करायला क्लोरफेनिरामाइन, चोंदलेलं नाक मोकळं करायला फेनिलेफ्रिन आणि ताप व अंगदुखीसाठी ३२५ किंवा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत फक्त ब्रँडचं नाव असतं. आत काय आहे ते सहसा मागच्या चंदेरी फॉइलवर बारीक इंग्रजीत छापतात.

तिथे ‘ईच टॅबलेट कंटेन्स’ किंवा ‘कम्पोझिशन’ हे शब्द शोधा. ‘टॅबलेट’च्या आधी ‘अनकोटेड’ किंवा ‘फिल्म कोटेड’ असंही असू शकतं. त्याखाली एकेका ओळीत औषधाचं नाव आणि समोर मिलिग्रॅमचा आकडा असतो. पॅरासिटामॉलच्या ओळीतला आकडा म्हणजे एका गोळीतलं प्रमाण. नावापुढचं ‘आयपी’ हे औषधाच्या दर्जाच्या भारतीय मानकाचं चिन्ह आहे, ते सोडून द्या. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

आता एका दिवसाची बेरीज करून पाहू. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम आहे आणि ती तीनदा घेतली: १५००. ताप उतरेना म्हणून ६५०ची गोळी चारदा: २६००. अंग ठणकतंय म्हणून आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दोनदा, प्रत्येकीत ३२५: आणखी ६५०. एकूण ४७५० मिलिग्रॅम! निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. यातली कुठलीही एक गोळी एकटी पाहिली तर जास्त वाटत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू पिण्याची सवय असेल किंवा पोटात दोन-तीन दिवस अन्न नसेल, तर मर्यादा ४००० पेक्षाही खाली येते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, तिथे हा आकडा लावायचा नाही.

मर्यादेचं कारण यकृतात आहे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग तिथे एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायॉन नावाचं द्रव्य तो लगेच निकामी करतं. डोस फार झाला की हा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवं म्हणजे पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काहीच जाणवत नाही, कधी तेवढंही नाही. पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखणं, डोळे पिवळे होणं हे नंतर, दोन-तीन दिवसांनी दिसतं.

म्हणून मर्यादेपेक्षा जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट न पाहता सगळ्या स्ट्रिप्स घेऊन हॉस्पिटल गाठा. यावर एन-असिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगलं काम करतो.

दुकानात दोन-चार गोळ्याच मागितल्या तर स्ट्रिप कापून देतात आणि मजकुराचा तुकडा दुकानातच राहतो. अशा वेळी तिथेच पूर्ण स्ट्रिपचा फोटो घ्या आणि विचारा, “यात पॅरासिटामॉल किती आहे?” घरी तापाची गोळी सुरू असेल तर पॅरासिटामॉल नसलेलं सर्दीचं औषध मागा. नुसती सेटिरिझिनची गोळीही मिळते. तिने झोप येऊ शकते, तेव्हा ती घेऊन गाडी चालवू नका.

सर्दीची गोळी घेऊन तासभरात ताप उतरला नाही म्हणून वर तापाची गोळी घेऊ नका. पॅरासिटामॉल असलेल्या कुठल्याही दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्या. मधल्या वेळात पाणी पीत राहा.

अमेरिकेतून कुणी गोळ्या आणल्या असतील तर लेबलवर पॅरासिटामॉल हा शब्द सापडणार नाही. तिकडे त्याच औषधाला असिटामिनोफेन म्हणतात. टायलेनॉल म्हणजे तेच. गरम पाण्यात ढवळून प्यायच्या सर्दीच्या पावडरीतही ते अनेकदा असतं, तेव्हा पाकिटावरचा आकडाही बेरजेत धरा.