दुसऱ्या बाळासाठी पहिल्या बाळंतपणात इंजेक्शन

१९३९ साली लेव्हिन आणि स्टेटसन यांनी न्यूयॉर्कमधल्या एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. मृत मूल जन्मल्यानंतर तिला नवऱ्याचे रक्त दिले गेले. दोघांचाही गट ‘ओ’, तरी तिला ते सोसले नाही. मुलाला वडिलांकडून मिळालेल्या, पण आईत नसलेल्या एका घटकाविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली असावीत, असे त्यांनी सुचवले. हाच पुढे आर-एच ‘डी’ घटक म्हणून ओळखला गेला.

आर-एच निगेटिव्ह आईच्या रक्तात पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी मुख्यतः प्रसूतीच्या वेळी शिरतात. म्हणून पहिले बाळ बहुधा वाचते. पुढच्या पॉझिटिव्ह बाळापर्यंत मात्र आईची प्रतिपिंडे वारेतून पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात.

लेव्हिन यांना आणखी एक गोष्ट दिसली. आई ‘ओ’ आणि बाळ ‘ए’ गटाचे असेल, तर ‘डी’विरोधी प्रतिपिंडे क्वचितच बनतात. असे का व्हावे? आईत आधीच असलेली ‘ए’विरोधी प्रतिपिंडे बाळाच्या पेशी लगेच नष्ट करत असतील का?

१९६०च्या सुमारास लिव्हरपूलमध्ये फिन आणि क्लार्क यांनी हाच धागा पकडला. तयार ‘डी’विरोधी प्रतिपिंडेच आईला टोचली तर? बाहेरून दिलेली ही प्रतिपिंडे काही महिन्यांत नाहीशी होतात; शरीराने स्वतः बनवायला शिकलेली मात्र टिकतात. १९६८ साली अमेरिकेत या इंजेक्शनाला परवानगी मिळाली.

बाळ पॉझिटिव्ह असल्यास ते प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भपातानंतर आणि अनेक ठिकाणी २८व्या आठवड्यातही देतात. पण आईने स्वतःची प्रतिपिंडे आधीच बनवली असतील, तर त्याचा उपयोग नाही. ते इनडायरेक्ट कूम्ब्ज चाचणीतून कळते.