मस्कतमधील भारतीय दूतावास : पत्ता आणि वेळा



ओमानमध्ये नव्याने आलेली मंडळी आम्हाला नेहमी विचारतात, "भारतीय दूतावास रुवीत आहे ना?" ह्या गोंधळाचे कारण पत्त्यातच आहे. दूतावासाचा टपालाचा पत्ता पोस्ट बॉक्स १७२७, रुवी, पिन ११२ असा आहे. ओमानमध्ये पत्रे सहसा घरपोच येत नाहीत, ती पोस्टातल्या पेटीत पडतात. त्यामुळे पेटी रुवीत आणि इमारत दुसरीकडे, असे होते. दूतावासाची इमारत अल खुवैरच्या डिप्लोमॅटिक एरियात, जामिअत अल दुवल अल अरबिया (म्हणजे अरब लीग) ह्या रस्त्यावर आहे. टॅक्सीवाल्याला "अल खुवैर, सिफारा हिंदिया" सांगावे. तिथे इतर देशांचेही दूतावास आहेत, म्हणून तिरंगा बघूनच गाडी थांबवावी.

आता वेळांबद्दल. ओमानमध्ये मे २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. पूर्वी ती गुरुवार-शुक्रवारी होती. दूतावासाचा आठवडाही रविवार ते गुरुवार असाच चालतो. पण सुट्ट्यांची यादी दूतावासाची स्वतःची असते. २६ जानेवारीला आपले ऑफिस चालू असले, तरी दूतावासाचे कामकाज बंद असते. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे ती एखाद्या दिवसाने सरकू शकते. रमजानमध्येही वेळा पुन्हा तपासून घ्याव्यात.

समजा, सोहारच्या एका कुटुंबाला मुलाचा पासपोर्ट नवा करायचा आहे. बाबांना सुट्टी शनिवारी, म्हणून सगळे सुमारे २०० किलोमीटर गाडी हाकत मस्कतला आले, तर दोन चुका होतील. एक म्हणजे शनिवारी दूतावास बंद. दुसरी म्हणजे पासपोर्टचे अर्ज दूतावासाच्या खिडकीवर नाही, तर दूतावासाने नेमलेल्या कंपनीच्या केंद्रात घेतले जातात. ह्या केंद्राच्या वेळा वेगळ्या असतात. कंत्राट बदलले की कंपनी आणि पत्ताही बदलतो. असा बदल पूर्वी झालेला आहे, त्यामुळे मित्राने दोन-तीन वर्षांपूर्वी दिलेला पत्ता धरून निघू नये.

ह्या कुटुंबाने आधी www.indemb-oman.gov.in उघडावे. आपले काम दूतावासात होते की केंद्रात, ते पाहावे. मग चालू वर्षाची सुट्ट्यांची यादी बघावी. केंद्राचा पत्ता ह्याच संकेतस्थळावरून घ्यावा, कारण सोहारसारख्या गावात जवळचेच केंद्र मिळाले तर मस्कतची खेप वाचते. शेवटी आदल्या कामाच्या दिवशी फोन करून दोन प्रश्न विचारावेत : "उद्या अर्ज घेणार का?" आणि "किती वाजेपर्यंत?" कार्यालय बंद होण्याची वेळ आणि अर्ज घेणे थांबण्याची वेळ एकच असेल असे नाही.

पासपोर्ट हरवणे किंवा कुणाचे निधन अशा प्रसंगी मात्र सुट्टीची वाट पाहू नये. त्यासाठीचा तातडीचा क्रमांक संकेतस्थळावर दिलेला असतो. तो आजच मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावा.